कर्जपात्रतेच्या फॉर्मवर इक्विव्हॅलन्स पार्टिशनिंग लावायचं कसं?

प्रश्न: सर, मी जळगावात एका छोट्या कंपनीत टेस्टर आहे. एका सहकारी बँकेच्या कर्जपात्रतेच्या फॉर्मचं काम चालू आहे. नियम असे: वय २१ ते ६०, वार्षिक उत्पन्न किमान ३ लाख, सिबिल स्कोर ७०० किंवा वर असेल तर पात्र, ६५० ते ६९९ असेल तर अर्ज शाखेकडे, त्याखाली नामंजूर. वयाची २१ पासून ६० पर्यंत सगळी मूल्यं मी टाकून पाहिली, सगळी पास झाली. उत्पन्नाला तसं करता येत नाही. लीड म्हणतात इक्विव्हॅलन्स पार्टिशनिंग वापर. व्याख्या पाठ आहे, पण फॉर्मवर लावायची कशी? आणि किती केसेस पुरतात?

उत्तर:

आधी तुमच्या त्या चाळीस केसेसबद्दल बोलतो, कारण उत्तराचा अर्धा भाग तिथेच आहे. खाली एक कोड देतो. तुमच्या प्रोग्रामरने तो असाच लिहिला असेल असं नाही, पण असा कोड मी बऱ्याचदा पाहिलाय.

```
if (score < 650) return "REJECT";
if (income < 300000) return "REJECT";
if (age < 21 && age > 60) return "REJECT";
if (score < 700) return "REFER";
return "ELIGIBLE";
```

तिसरी ओळ नीट वाचा. एकाच माणसाचं वय २१ पेक्षा कमी आणि त्याच वेळी ६० पेक्षा जास्त असू शकत नाही. तिथे `||` हवं होतं, `&&` पडलंय. म्हणजे वयाची तपासणी कागदावर आहे, प्रत्यक्षात ती कधीच लागू होत नाही. आता यात २१, २२, २३ करत ६० पर्यंत सगळी वयं टाका. चाळीसच्या चाळीस केसेस पास होतील, कारण त्या सगळ्या एकाच गटातल्या आहेत. १९ किंवा ६७ यातलं एक मूल्य टाकलं असतं तर चूक लगेच वर आली असती.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण ती सगळा भात एकाच पातेल्यात शिजलेला असतो म्हणून. पार्टिशन पाडणं म्हणजे पातेली किती आहेत ते शोधणं. एका गटातलं कुठलंही मूल्य घेतलं तरी प्रोग्राम त्याच वाटेने जाईल, असं आपण गृहीत धरतो आणि त्या गटातून एकच मूल्य निवडतो. हे गृहीतक कशाच्या जोरावर धरलं, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. फॉर्मवरच्या चौकटीकडे बघून ते सांगता येत नाही. बँकेचा नियम, आणि शक्य असेल तर कोड, या दोन्हींकडे बघावं लागतं. तुम्ही दिलेल्या तीन चौकटींत दिसतात त्याहून जास्त गट दडलेले आहेत. एकेक घेऊ.

वयापासून सुरू करतो, कारण ते सर्वात सोपं वाटतं. २१ च्या खाली, २१ ते ६०, ६० च्या वर, असे तीन गट प्रत्येक जण पाडतो. यातले पहिला आणि तिसरा ‘अवैध’ असं पाठ्यपुस्तकी पद्धतीत लिहितात. मला ती विभागणी कर्जाच्या फॉर्मसाठी अपुरी वाटते. १९ हे खरंखुरं वय आहे. ते फॉर्मने स्वीकारायचं, नियमाला लावून बघायचं आणि ‘वयाच्या अटीत बसत नाही’ असं कारण देऊन अर्ज नामंजूर करायचा. याउलट ‘एकोणीस’ असं अक्षरी लिहिलं, उणे ५ टाकलं किंवा चौकट रिकामी ठेवली, तर ते नियमापर्यंत पोहोचताच कामा नये, फॉर्मनेच तिथल्या तिथे अडवलं पाहिजे. दोन्हीकडे अर्जदाराला कर्ज मिळत नाही, पण प्रोग्राममध्ये या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि सहसा त्या लिहिणारी माणसंही वेगळी असतात. म्हणून मी नेहमी तीन ढीग करतो: वैध आणि पात्र, वैध पण अपात्र, आणि मुळातच अवैध.

आता मधल्या गटाकडे या. २१ ते ६० हा खरंच एक गट आहे का? चोपड्याच्या जिल्हा परिषद शाळेतले ५६ वर्षांचे गुरुजी पाच वर्षांच्या मुदतीचं कर्ज मागायला आले असं समजा. ते ५८ व्या वर्षी निवृत्त होतील, आणि शेवटचा हप्ता येईल तेव्हा ६१ वर्षांचे असतील. कर्ज फिटतानाही वय मर्यादेच्या आत हवं, अशी अट बऱ्याच बँका घालतात. तुमच्या बँकेने ती घातली असेल, तर ३४ वर्षांचा अर्जदार आणि हे गुरुजी एका गटात बसत नाहीत. मुदत पाच वर्षं असेल तर रेषा ५५ वर पडते, तीन वर्षं असेल तर ५७ वर. म्हणजे वयाचे गट एकट्या वयावरून ठरतच नाहीत. हे तुमच्या नियमांच्या कागदावर लिहिलेलं नाही, त्यामुळे बँकेला विचारा. गट पाडायला बसलं की असे प्रश्न आपोआप निघतात. मला या पद्धतीचा केसेस कमी होण्यापेक्षा हा फायदा मोठा वाटतो.

उत्पन्नाला ‘तसं करता येत नाही’ म्हणता, कारण आकडे अमर्याद आहेत. नियमाच्या अंगाने बघितलं तर दोनच गट आहेत: ३ लाखांच्या खाली, आणि ३ लाख किंवा वर. १ लाख ६० हजार आणि ४ लाख ८० हजार, एवढी दोन मूल्यं बास. उत्पन्नाच्या साधनावरून, म्हणजे पगार, व्यापार की शेती यावरून, बँक वेगळा हिशेब लावत असेल तर गट वाढतील. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून रावेर-यावलच्या अनेक केळीबागायतदारांकडे आयकर विवरणपत्र नसतं. अशा वेळी सातबारा आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला पुढे येतो. फॉर्ममध्ये ‘शेती’ निवडल्यावर विवरणपत्राची चौकट सक्तीची राहिली, तर तो अर्जदार तिथेच अडकेल. तेव्हा साधनाचा प्रत्येक पर्याय हा एक स्वतंत्र वैध गट समजा.

उत्पन्नाच्या चौकटीतली खरी गंमत मात्र आकडा लिहायच्या पद्धतीत आहे, आणि आपल्या भागात ती टाळून चालणार नाही. साडेतीन लाख हा एकच आकडा लोक तीन तऱ्हांनी लिहितील: `350000`, `3,50,000`, आणि मोबाइलवर मराठी कीबोर्ड असेल तर `३५००००`. माणसासाठी तिन्ही सारखे, प्रोग्रामसाठी नाहीत. चौकट साध्या मजकुराची असेल आणि समोर जावास्क्रिप्ट असेल, तर काय होतं पाहा.

```
Number("३५००००")      // NaN
Number("3,50,000")    // NaN
parseInt("3,50,000")  // 3
```

तिसरी ओळ धोकादायक आहे. `parseInt` स्वल्पविराम दिसताच थांबतं आणि हातात उरतात तीन रुपये. पहिल्या दोन ओळींत निदान ‘आकडा नीट लिहा’ असा संदेश दाखवता येतो. तिसरीत प्रोग्रामला काहीच खटकत नाही. तो ३ रुपये उत्पन्न धरतो आणि अर्ज ‘उत्पन्न कमी’ म्हणून शांतपणे नामंजूर करतो. म्हणजे आपण जे मूल्य ‘अवैध’ ढिगात टाकलं होतं, ते प्रोग्रामने ‘वैध पण अपात्र’ ढिगात नेऊन ठेवलं. शिवाय सर्व्हर पायथनवर असेल तर तिथे `int("३५००००")` बिनतक्रार `350000` देतं. समोरची बाजू अडवते आणि मागची स्वीकारते, अशी विसंगती तेव्हा दिसेल. म्हणून ‘अंक नसलेलं काहीतरी’ असा एकच अवैध गट करून त्यात `abc` टाकून मोकळं होऊ नका. अक्षरं, स्वल्पविराम आणि देवनागरी अंक हे तीन वेगळे गट आहेत. शेवटचे दोन वैध मानायचे की अवैध, हे बँकेने ठरवायचं. मला विचाराल तर वैध माना. जळगाव-धुळ्याच्या अर्जदाराने मराठीत आकडा लिहिला ही त्याची चूक नाही.

आता स्कोर. या फॉर्ममधली सर्वात गुंतागुंतीची चौकट हीच आहे, आणि नवखे टेस्टर तिलाच सर्वात कमी वेळ देतात. सिबिल स्कोर ३०० ते ९०० मध्ये असतो. त्यावरून तुमच्या नियमांनी तीन गट पडतात: ३०० ते ६४९, ६५० ते ६९९, ७०० ते ९००. इथवर सगळे येतात. ३०० च्या खालचं आणि ९०० च्या वरचं सगळं ‘अवैध’ म्हणून खूण करून पुढे जातात. घोटाळा तिथेच होतो.

धडगावचा एखादा तरुण घ्या. त्याने आजवर कुठलंही कर्ज घेतलेलं नाही, क्रेडिट कार्ड नाही, सोसायटीचं पीककर्जही नाही. अडीनडीला आडत्याकडून उचल घेतली असेल, पण ती कुठे नोंदवली जात नाही. या माणसाला शून्य ते तीनशेमधला ‘वाईट’ स्कोर मिळत नाही. इतिहासच नाही म्हणून अहवालात `-1` येतो. शिवाय सिबिलच्या २.० आवृत्तीत सहा महिन्यांहून कमी इतिहास असणाऱ्याला १ ते ५ असा अंक मिळतो. हे दोन्ही दिसायला आकडेच आहेत, पण ते स्कोर नाहीत. ते सांगतात की या माणसाला मोजायला पुरेशी माहिती नाही.

वरच्या कोडची पहिली ओळ पुन्हा बघा: `score < 650`. उणे एक हा ६५० पेक्षा कमीच असतो. म्हणजे ज्याने कधी कर्ज घेतलंच नाही आणि ज्याने कर्ज बुडवलंय, ते दोघे एकाच पंगतीत बसले. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही एवढ्या कारणाने फेटाळू नये. त्याला कर्ज द्यायलाच हवं, असा याचा अर्थ नाही. बँकेने बाकीची पडताळणी करावी, असा आहे. तेव्हा `-1` हा संपूर्ण वैध गट आहे आणि त्याचा निकाल ‘नामंजूर’ यायला नको. तुमच्या फॉर्ममध्ये तो बहुधा ‘शाखेकडे’ जाईल, पण हे बँकेकडून लेखी घ्या.

स्कोरचा आणखी एक गट असतो, तो आकड्यांच्या रेषेवर दिसतच नाही. स्कोर अर्जदार भरत नाही, तो क्रेडिट ब्युरोच्या सेवेतून येतो. ती सेवा वेळेत उत्तर देत नाही तेव्हा काय येतं? रिकामं मूल्य? शून्य? ‘इतिहास नाही’ आणि ‘उत्तर आलं नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात निर्णय घ्यायचा असतो, दुसऱ्यात थोड्या वेळाने पुन्हा विचारायचं असतं. प्रोग्रामने रिकाम्या मूल्याचं शून्य केलं, तर ते शून्यही ६५० च्या खालीच पडणार. ही केस करायला प्रोग्रामरला ती सेवा मुद्दाम बंद ठेवायला सांगावं लागतं, म्हणून ती राहून जाते.

गट पाडून झाले. आता केसेस कशा जुळवायच्या, इथे एक नियम आहे आणि तो मोडू नका. वैध गट एका केसमध्ये कितीही एकत्र घेतले तरी चालतात. अवैध किंवा अपात्र गट मात्र एका केसमध्ये एकच घ्यायचा, बाकी सगळं निर्दोष ठेवायचं.

कारण कोडवरच पाहू. उत्साहाच्या भरात तुम्ही एक ‘एकदम वाईट’ केस केली: वय १७, उत्पन्न ५० हजार, स्कोर ५६०. उत्तर `REJECT` येतं आणि तुम्ही पासची खूण करता. प्रत्यक्षात पहिल्याच ओळीने अर्ज परतवला. उत्पन्नाची आणि वयाची ओळ चाललीच नाही. वयाची ओळ मोडकी आहे, हे या केसमधून कधीच कळणार नाही, कारण स्कोरने ती झाकून टाकली. तेच वय १७, पण उत्पन्न ४ लाख ८० हजार आणि स्कोर ७६५ ठेवा. `ELIGIBLE` येईल आणि चूक उघडी पडेल.

याला जोडूनच, अपेक्षित निकालात नुसतं ‘अपात्र’ लिहू नका, कारणही लिहा. ‘अपात्र, कारण वय’ असं लिहिलं असेल तरच चुकीच्या कारणाने आलेलं बरोबर उत्तर पकडता येतं. प्रोग्राम कारण देतच नसेल तर ते मागून घ्या. काउंटरवरच्या क्लार्कला तसंही ते लागणारच आहे. ‘जिभाऊ, तुमचा अर्ज बसत नाही’ म्हटल्यावर समोरचा पहिला प्रश्न ‘का?’ हाच विचारतो.

तुमच्या फॉर्मसाठी मी या केसेस पहिल्या फेरीत घेईन:

| क्र. | वय | मुदत | उत्पन्न | स्कोर | अपेक्षित निकाल |
|---|---|---|---|---|---|
| १ | ३४ | ३ वर्षे | ४,८०,००० | ७६५ | पात्र |
| २ | १९ | ३ वर्षे | ४,८०,००० | ७६५ | अपात्र, वय |
| ३ | ६७ | ३ वर्षे | ४,८०,००० | ७६५ | अपात्र, वय |
| ४ | ५७ | ५ वर्षे | ४,८०,००० | ७६५ | अपात्र, मुदत (अट असल्यास) |
| ५ | ३४ | ३ वर्षे | १,६०,००० | ७६५ | अपात्र, उत्पन्न |
| ६ | ३४ | ३ वर्षे | ४,८०,००० | ५६० | अपात्र, स्कोर |
| ७ | ३४ | ३ वर्षे | ४,८०,००० | ६७५ | शाखेकडे |
| ८ | ३४ | ३ वर्षे | ४,८०,००० | `-1` | शाखेकडे (बँकेच्या होकारानंतर) |

ही आठ मूल्यं वरच्या कोडवर चालवून बघा. दुसरी, तिसरी आणि चौथी केस `ELIGIBLE` देईल, आठवी `REJECT`. म्हणजे आठातल्या चार केसेस चूक दाखवतात, आणि तुमच्या चाळीसमधली एकही दाखवत नव्हती. या आठांशिवाय लिहिण्याच्या पद्धतीच्या केसेस येतात: प्रत्येक चौकट रिकामी, अक्षरं, उणे आकडा, स्वल्पविराम, देवनागरी अंक. स्कोर १ ते ५ मधला आणि ब्युरोचं उत्तर न येणं, या दोन वेगळ्या. साधन निवडायची सोय असेल तर त्यासाठी नव्या केसेस वाढवायची गरज नाही. पहिल्या केसमध्ये ‘पगार’, सातवीत ‘शेती’, आठवीत ‘व्यापार’ असं वाटून द्या. वैध गट एकत्र चालतात म्हटलं ते याचसाठी.

‘किती पुरतात’ याचं उत्तर मग असं: प्रत्येक गटाला निदान एकदा हात लागला की पार्टिशनिंगपुरतं काम झालं. पण लीडने विचारलं की टेस्टिंग झालं का, तर अजून ‘हो’ म्हणू नका. समजा कोडमध्ये `score < 700` च्या जागी `score <= 700` पडलं असतं. वरच्या आठही केसेसवर त्याचा काही परिणाम झाला नसता, कारण आपण ६७५ आणि ७६५ घेतले, म्हणजे गटांच्या पोटातली मूल्यं. बरोबर ७०० स्कोर असलेला माणूस मात्र विनाकारण शाखेकडे गेला असता. अशा चुका कडेला असतात आणि त्यासाठी कडेची मूल्यं वेगळी घ्यावी लागतात: ६४९ आणि ६५०, ६९९ आणि ७००, उत्पन्नाला २,९९,९९९ आणि ३,००,०००, वयाला २०, २१, ६०, ६१. तसंच स्कोर ६७५ आणि उत्पन्नही कमी, अशा जोडीचा निकाल काय, हे पार्टिशनिंग सांगत नाही. त्यासाठी अटींचा डिसिजन टेबल मांडावा लागतो. तुमच्या फॉर्ममध्ये तीनच अटी आहेत, तेव्हा तो एका पानात बसेल.

एक गोष्ट मात्र गट पाडतानाच विचारून घ्या. अशा फॉर्ममध्ये सहसा वय टाकत नाहीत, जन्मतारीख टाकतात, आणि वय प्रोग्राम काढतो. मग ६० वर्षं आणि चार महिने झालेला माणूस कुठल्या गटात? पूर्ण झालेली वर्षं मोजली तर तो ६० चा, म्हणजे पात्र. दिवसांवरून हिशेब केला तर तो ६० च्या पुढे गेलेला, म्हणजे अपात्र. तुमच्या कागदावरचं ‘२१ ते ६०’ दोन्ही अर्थांनी वाचता येतं. बँकेच्या कर्ज विभागाकडून उत्तर लेखी येईपर्यंत ती केस प्रलंबित ठेवा आणि शेऱ्यात कोणाला, कधी विचारलंय ते लिहून ठेवा.